भर दुपारच्या उन्हातली शाळा थर्मोकोलच्या मॉडेलसारखी का दिसते, आणि ती दुरुस्त कशी करावी

संगणकावर शाळेच्या इमारतीचा बाहेरून व्ह्यू काढणाऱ्यांकडे एक तक्रार ठरावीक अंतराने परत येते. इमारत आराखड्याप्रमाणे असते, रंग नीट दिलेले असतात, चौक, व्हरांडे आणि पटांगण सगळे जागच्या जागी असते; तरीही चित्र पाहणाऱ्याला ती इमारत खरी वाटत नाही. मागच्या वर्षी पुण्याच्या पश्चिम भागातल्या एका शाळेचे काम आमच्याकडे होते, तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी पडद्याकडे पाहून एकाच वाक्यात निकाल दिला : “अहो, ही आमची शाळा नाही, स्नेहसंमेलनात मांडायचं थर्मोकोलचं मॉडेल आहे.” त्यांना प्रमाण, छायेची कड किंवा कॅमेऱ्याची उंची हे शब्द ठाऊक नव्हते, पण या तिन्ही गोष्टी चुकल्या होत्या आणि बाईंच्या डोळ्यांनी त्या बरोबर पकडल्या होत्या. काम ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधले असल्यामुळे पुढची बटणांची नावे त्यातली आहेत. कारणे मात्र कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये तीच राहतात.

अशी तक्रार आली की बहुतेक जण आधी मटेरियलला हात घालतात, भिंतीवर डाग आणि ओघळ चढवतात, कोपऱ्यात पाने टाकतात. त्याने थर्मोकोलचे मॉडेल जुने दिसू लागते, इतकेच. पहिली तपासणी चित्रावरच करावी आणि तिला फूटपट्टीपलीकडे काही लागत नाही.

क्षितिजरेषेची तपासणी

कॅमेरा सरळ समोर रोखलेला असेल, म्हणजे वर किंवा खाली झुकवलेला नसेल, तर चित्रातली क्षितिजरेषा कॅमेऱ्याच्या उंचीवरून जाते. सपाट जमिनीवर उभी असलेली आणि कॅमेऱ्याइतकीच उंच असलेली प्रत्येक वस्तू, ती जवळ असो वा पटांगणाच्या टोकाला, त्या रेषेला बरोबर टेकते. यातूनच पुढचा हिशेब निघतो : वस्तूच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंतचे चित्रातले अंतर भागिले पायथ्यापासून क्षितिजरेषेपर्यंतचे अंतर, हे गुणोत्तर वस्तूची उंची भागिले कॅमेऱ्याची उंची याच्याएवढेच असते. वस्तू कितीही दूर असली तरी त्यात फरक पडत नाही.

चौकात उभे राहून काढलेल्या चित्रात खरे क्षितिज इमारतीमागे झाकलेले असते, त्यामुळे ती रेषा शोधावी लागते. व्हरांड्याची फरशी, कठडा आणि छताची तुळई यांच्या रेघा लांबवल्या की त्या जिथे एकत्र येतात त्या बिंदूतून आडवी रेघ ओढावी. कॅमेऱ्याला Shift Y, म्हणजे कॅमेरा न झुकवता चौकट वर-खाली सरकवण्याचा आकडा, दिलेला नसेल, तर ती रेघ चित्राच्या बरोबर मध्यावर पडते. दिलेला असेल तर तेवढी सरकते. 1920 × 1080 च्या चित्रात Shift Y 0.1 असेल तर रेघ मध्यापासून 192 पिक्सेल खाली येते.

आता मोजण्यासाठी अशी वस्तू हवी, जिची उंची वादातीत आहे. दरवाजा बरा, पण तो जोत्यावर असतो आणि जोत्याची उंची पुन्हा वेगळी धरावी लागते. शाळेच्या पटांगणावर त्याहून चांगली वस्तू उभी असते, ती म्हणजे खो-खोचा खांब. नियमाप्रमाणे तो जमिनीपासून 120 ते 125 सेंटिमीटर उंच असतो. ज्या पुण्यात 1914 साली डेक्कन जिमखान्यावर या खेळाच्या नियमांना घोटीव रूप मिळाले, तिथे शाळेचे पटांगण दाखवताना हा खांब वगळण्याचे तसेही कारण नाही.

आमच्या चित्रात कॅमेरा 1.5 मीटरवर होता. खांबाच्या पायथ्यापासून क्षितिजरेषेपर्यंत 125 पिक्सेल भरले, म्हणजे 1.2 मीटरचा खांब 100 पिक्सेल दिसायला हवा होता. तो 120 पिक्सेल होता. याचा अर्थ आमचा खांब 1.44 मीटर उंच, म्हणजे खऱ्या खांबाच्या 1.2 पट होता. त्याच चौकात उभ्या केलेल्या शिक्षिकेच्या आकृतीचे डोळे क्षितिजरेषेच्या आसपास यायला हवे होते. रेषा तिच्या खांद्यावरून जात होती. तीही तितकीच मोठी झाली होती. मुले मात्र मोठी झालेली नव्हती, आणि गंमत नेमकी तिथेच होती.

चूक कुठे शिरली

चित्रावरून संशय आला की फाइलमध्ये मोजून खात्री करावी. Scene Properties मधल्या Units खाली Unit Scale 1.0 आहे ना, हे आधी पाहावे; नंतर दरवाजा, पायरी, खांब आणि माणसांच्या आकृत्या निवडून पुढच्या चार ओळी चालवल्या की प्रत्येकाचे माप आणि लावलेली पट समोर येते.

```
import bpy
for o in bpy.context.selected_objects:
    print(o.name, [round(d, 2) for d in o.dimensions],
          [round(s, 3) for s in o.scale])
```

आमच्याकडे वर्गाचा दरवाजा 2.10 मीटरऐवजी 2.52 निघाला, मजल्याची उंची 3.60 ऐवजी 4.32, आणि जोत्याची पायरी 15 ऐवजी 18 सेंटिमीटर. सगळीकडे 1.2. असे स्वच्छ, एकसारखे गुणोत्तर मिळाले की चूक आराखड्यात नसून कुणीतरी पूर्ण मॉडेल ताणलेले आहे, हे नक्की होते. दरवाजा एका पटीने आणि पायरी दुसऱ्या पटीने चुकली असती, तर शोध वेगळ्या दिशेने न्यावा लागला असता.

ताणले कुणी, हे विचारल्यावर आमच्या तरुण सहकाऱ्याने प्रांजळपणे सांगितले. वास्तुविशारदांकडून आलेली फाइल मिलिमीटरमध्ये होती आणि आत घेतल्यावर ती हजारपट मोठी दिसत होती. त्याने ती बेताने लहान केली, पण नेमकी किती करायची हे ठरवण्यासाठी त्याने आकृत्यांच्या संग्रहातली एक बाई व्हरांड्यात उभी केली आणि कठडा तिच्या कमरेच्या जरा वर येईपर्यंत इमारत हाताने ओढत नेली. कल्पना वाईट नव्हती. पण संग्रह परदेशी होता आणि ती बाई 1.80 मीटर उंच होती. साडीतल्या शिक्षिकेची उंची आपल्या मनात साधारण दीड मीटरची असते, त्यामुळे 1.80 भागिले 1.50, म्हणजे बरोबर 1.2 पट इमारत वाढली. “दादा, बाईला बरोबर बसत होतं ना,” तो म्हणाला. बसत होते खरे. बाईच चुकीची होती.

यात एक फसवी बाब आहे. इमारत, माणसे आणि कॅमेरा हे सगळे एकाच पटीने मोठे केले, तर चित्रात तसूभरही फरक दिसत नाही, आणि त्यामुळे माप बरोबर नसले तरी चालते असा समज पक्का होतो. प्रत्यक्षात कुणी ना कुणी मागे राहतेच. इथे इमारत आणि शिक्षिका 1.2 पट झाल्या, पण कॅमेरा 1.5 मीटरवर आणि मुले खऱ्या उंचीवर राहिली. दीड मीटरला 1.2 ने भागले तर 1.25 येते, म्हणजे बाईंनी त्या दिवशी आपली शाळा साधारण पाचवीतल्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून पाहिली, आणि त्यात मुले भातुकलीतल्या बाहुल्यांएवढी दिसली.

दुरुस्ती करताना

सर्वांत सुरक्षित उपाय म्हणजे मूळ फाइल नव्याने आत घेणे आणि आकड्याने 0.001 देणे, डोळ्याने ओढणे नाही. आमच्याकडे तोवर महिनाभराचे काम त्या मॉडेलवर चढले होते, म्हणून आम्ही ते जागेवरच लहान केले. थ्रीडी कर्सर मूळबिंदूवर ठेवून तोच फिरण्याचा बिंदू केला, फक्त इमारत आणि पटांगणावरच्या वस्तू निवडल्या, `S` दाबून 0.8333 टाकले आणि मग `Ctrl+A` मधून Scale लागू केले. ही शेवटची पायरी विसरली की काठांना दिलेली गोलाई जुन्याच पटीने मोजली जाते, आणि पुढच्या वेळी कुणी नवी खिडकी आणून बसवली की ती शेजारच्या खिडकीशी जुळत नाही. तक्रार परत परत येण्याचे एक मोठे कारण हेच आहे. खिडक्या-बाकांसारख्या एकाच मूळ जाळीच्या अनेक प्रती असतील तर प्रती सुट्या केल्याशिवाय ब्लेंडर Scale लागू करत नाही. तेव्हा सगळ्या प्रती सुट्या करून फाइल फुगवण्यापेक्षा एकच नमुना योग्य मापाचा करावा आणि प्रतींची पट 1 वर आणावी.

कॅमेरा या निवडीत घेऊ नये. त्याची उंची 1.5 मीटरच राहू द्यावी, पण चौकट तीच हवी असेल तर आडवे अंतर त्याच पटीने कमी करावे लागते. आमचा कॅमेरा समोरच्या भिंतीपासून 24 मीटरवर होता तो 20 मीटरवर आला. कॅमेरा झुकवून इमारतीचा माथा चौकटीत घेऊ नये, त्यासाठी Shift Y वापरावा. झुकवला की भिंतींच्या उभ्या कडा एकमेकींकडे कलतात आणि वरची क्षितिजरेषेची तपासणीही काटेकोर राहत नाही.

मग माणसांकडे यावे. प्रौढ आकृतीचा प्रश्न सोपा आहे, ती लहान करता येते. मुलांचा प्रश्न तसा सुटत नाही. संग्रहात मुले कमी असल्यामुळे आमच्या आधीच्या चित्रात मोठ्या माणसांना 0.64 पट करून पहिलीतली मुले बनवली होती. उंची 1.15 मीटर, अगदी बरोबर. पण प्रौढ माणूस साधारण साडेसात डोकी उंच असतो आणि सहा वर्षांचे मूल सुमारे सहा डोकी. लहान केलेल्या त्या माणसाचे डोके जेमतेम 15 सेंटिमीटर उरते, खऱ्या मुलाचे मात्र 19-20 सेंटिमीटर असते. लहान डोक्याची आकृती दिसली की डोळा ती मूल म्हणून वाचतच नाही. तो ती दूरवर उभा असलेला मोठा माणूस म्हणून वाचतो, आणि लगेच तिच्या मागचा व्हरांडा दुप्पट खोल आणि दुप्पट उंच वाटू लागतो. मुलाची आकृती मुलाच्याच अंगयष्टीची हवी, आणि ती मिळत नसेल तर त्या जागी मूल न ठेवलेले परवडते.

दुपार म्हणजे डोक्यावरचा सूर्य नव्हे

मापे जुळल्यावरही चित्र अर्धेच सुधारले. बाकीचा दोष उन्हात होता. “भर दुपार” म्हटले की सूर्य 90 अंशांवर ठेवण्याची सवय आहे, आणि आमच्या फाइलमध्येही तो तसाच होता. सरळ वरून येणारा प्रकाश उभ्या भिंतीला स्पर्शून खाली जातो, भिंत उजळत नाही. मुलांच्या सावल्या त्यांच्या पायांखाली गोळा होतात. कठडा, तुळई, खांब यांच्या ज्या सावल्यांवरून डोळा उंची ओळखतो त्या नाहीशा होतात. पटांगण पांढरे फटक आणि इमारत काळवंडलेली, असे ते चित्र होते.

पुणे 18.52 उत्तर अक्षांशावर असल्यामुळे सूर्य इथे खरोखर डोक्यावर येतो, पण वर्षातून दोनदाच, मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस. पहिल्या वेळी शाळेला सुट्टी असते आणि दुसऱ्या वेळी ढग असतात. शाळा भरलेली आणि आकाश निरभ्र, असे दिवस हिवाळ्यात मिळतात. 21 डिसेंबरला पुण्यात सूर्य मध्यान्ही 48 अंशांवर, बरोबर दक्षिणेला असतो. 21 मार्चला तो साडेएकाहत्तर अंशांवर जातो. मध्यान्हही घड्याळातल्या बाराला होत नाही, कारण आपली वेळ 82.5 रेखांशाची आहे आणि पुणे 73.86 वर आहे. डिसेंबरात ती साधारण 12:33 ला होते.

या दोन दिवसांतला फरक भिंतीवर लगेच दिसतो. मार्चमध्ये दक्षिणमुखी भिंतीवर जितके थेट ऊन पडते, त्याच्या सुमारे तिप्पट जमिनीवर पडते. डिसेंबरात भिंत आणि जमीन जवळजवळ सारख्या उजळतात, 1.2 मीटरच्या मुलाची सावली 1.08 मीटर लांब पडते, आणि चित्र तरीही निर्विवाद दुपारचेच राहते. आम्ही डिसेंबर घेतला. मात्र तारीख निवडली की बाकीचेही त्या तारखेचेच हवे. आमच्या पटांगणाच्या कोपऱ्यातला गुलमोहर लालभडक फुललेला होता, तो आधी काढावा लागला.

व्हरांड्यावरून या सूर्याची परीक्षा घेता येते. तळमजल्याचा दक्षिणमुखी व्हरांडा 2.4 मीटर रुंद आहे आणि तुळईची खालची कड फरशीपासून 3 मीटरवर आहे असे धरा. 48 अंशांचे ऊन त्या कडेखालून आत शिरून पूर्ण फरशी ओलांडते आणि वर्गाच्या भिंतीवर साधारण 33 सेंटिमीटर चढते. वरच्या मजल्यावर एक मीटरचा कठडा असेल, तर त्याची सावली आतल्या फरशीवर 90 सेंटिमीटरपर्यंत जाते आणि ऊन त्यापुढे सुरू होते. रेंडरमध्ये हे पट्टे दिसत नसतील, तर सूर्य चुकला आहे किंवा उत्तर दिशा. उत्तर दिशा चुकण्याचे प्रमाण माझ्या अनुभवात अधिक आहे, कारण आराखडा कागदावर नीट बसावा म्हणून अनेकदा फिरवलेला असतो.

सावलीची कड

आता थर्मोकोलच्या मुद्द्यावर, कारण बाईंनी तोच शब्द का वापरला याचे उत्तर इथे आहे. आकाशातला सूर्य साधारण अर्ध्या अंशाचा दिसतो, त्यामुळे सावलीची कड ती पाडणाऱ्या वस्तूपासूनच्या अंतराच्या सुमारे 108 व्या भागाएवढीच पसरते. तुळईच्या 3 मीटर उंचीवरच्या कडेपासून 48 अंशांनी येणारा किरण जमिनीपर्यंत सुमारे 4 मीटर प्रवास करतो. तिथे सावलीची कड चार-पाच सेंटिमीटरमध्ये संपते. आमच्या फाइलमध्ये सूर्याच्या दिव्याचा Angle 10 अंश होता, कुणीतरी “सावली फार कडक दिसते” म्हणून वाढवलेला. त्याने तीच कड जवळजवळ एक मीटर पसरली होती.

दहा अंशांचा प्रकाश आपण खऱ्या आयुष्यात कुठे पाहतो? टेबलावर ठेवलेल्या वस्तूपासून साठ सेंटिमीटरवर दहा सेंटिमीटरचा दिवा असेल, तर तो तिथून जवळजवळ तेवढाच दिसतो. म्हणजे प्रदर्शनात मॉडेलवर टेबललॅम्प सोडल्यावर जशी सावली पडते, तशीच सावली आमच्या तीनमजली शाळेवर पडली होती, आणि बाईंनी ती ओळखली. Angle 0.53 वर आणल्याबरोबर चित्राचे वय आणि आकार दोन्ही बदलले. सूर्य Sky Texture मधून घेत असाल तर Sun Size ला हात लावू नये आणि शेजारी वेगळा सूर्याचा दिवाही ठेवू नये. दोन्ही असतील आणि त्यांची दिशा तंतोतंत जुळत नसेल, तर प्रत्येक खांबाला दोन सावल्या पडतात.

कडक सावलीमुळे व्हरांडा काळा पडतो, ही पुढची हरकत हमखास येते. तेव्हा आत दिवे लावण्याचा मोह टाळावा, कारण दुपारी व्हरांड्याच्या छतावर उमटलेला दिव्याचा गोल झोत पुन्हा मॉडेलचीच आठवण करून देतो. दुपारी व्हरांड्याचे छत चौकातल्या जमिनीवरून उसळलेल्या उजेडाने खालून उजळते. म्हणून चौकाच्या मुरुमाचा रंग अवाजवी गडद नाही ना हे पाहावे, Light Paths मधले Diffuse चे उसळणे 4 वरून 8 करावे, आणि पांढऱ्या भिंतीचा रंग 1.0 न ठेवता 0.8 वर आणावा, म्हणजे उन्हातली भिंत जळून न जाता Exposure थोडा वाढवता येतो. शहाबादी फरशीवरून आणि तांबड्या मुरुमावरून परतलेला उबदार उजेड तुळईच्या पोटाला दिसू लागला, की व्हरांडा अंधारा असूनही काळा वाटत नाही.

ही तक्रार आमच्याकडे त्यानंतर एकदा परत आली, दुसऱ्या शाळेच्या चित्रात, आणि तेव्हा चूक फक्त नव्या आकृत्यांमध्ये होती. तेव्हापासून प्रत्येक फाइलमध्ये आम्ही एक वेगळा गट ठेवतो : 2.10 मीटरची दाराची चौकट, 1.20 मीटरचा खो-खोचा खांब, 1.52 मीटरची शिक्षिका आणि 1.15 मीटरचे, मुलाच्याच अंगयष्टीचे मूल. नवीन काही आत आले की ते आधी या चौघांशेजारी उभे करतो, आणि अंतिम रेंडरला तो गट बंद असतो. उतारावरच्या पटांगणात क्षितिजरेषेचे गुणोत्तर चालवताना मात्र कॅमेऱ्याची उंची त्या वस्तूच्या पायथ्यापासून मोजावी लागते, त्याच्या स्वतःच्या पायाखालच्या जमिनीपासून नाही. वरच्या मजल्याच्या व्हरांड्यातून खाली चौकाचे चित्र घेतानाही तसेच : जोते 0.45, मजला 3.60 आणि नजर 1.50 मिळून 5.55 मीटर धरावे, म्हणजे खालचा खांब क्षितिजरेषेपर्यंतच्या अंतराच्या पाचव्या भागाहून किंचित अधिक भरतो.